फिनोबार्बिटोन, झोप आणि सुरक्षिततेचा गैरसमज

"झोप येत नाही म्हणून महागड्या गोळ्या कशाला? आजोबांच्या काळापासून डॉक्टर फिनोबार्बिटोन देत आले आहेत. ते स्वस्त आहे, तान्ह्या बाळांनाही देतात, म्हणजे सुरक्षितच. कंपन्यांचा नफा बुडतो म्हणून ते मागे टाकले. सवय झाली की शरीर पचवून घेते आणि चुकून जास्त झालेच तर दवाखान्यात उतारा मिळतो."

या मजकुरातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच पुढच्या गोष्टींवर लोक सहज विश्वास ठेवतात. फिनोबार्बिटोन, म्हणजेच फिनोबार्बिटल, १९१२ मध्ये जर्मनीत ल्युमिनल या नावाने बाजारात आले. त्याच्या आधीचे बार्बिटल १९०३ च्या सुमारास व्हेरोनल या नावाने आले होते. ही दोन्ही बार्बिट्युरेट गटातील औषधे, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे झोपेचे औषध म्हणजे बार्बिट्युरेट, असेच समीकरण होते. आपल्याकडे अनेकांना फिनोबार्बिटोन 'गार्डिनल' या नावाने माहीत आहे, आणि ते आजही स्वस्त आहे.

नफ्याच्या मुद्द्यातही तथ्याचा एक कण आहे. १९६० नंतर बेंझोडायझेपिन गटातील औषधे आली आणि ती विकणाऱ्या कंपन्यांनी भरपूर पैसा कमावला. पण त्या गटातील डायझेपाम आणि नायट्राझेपाम यांचे पेटंट संपून कित्येक दशके लोटली, आज त्यांच्या गोळ्याही स्वस्त मिळतात, आणि तरीही डॉक्टर झोपेसाठी पुन्हा बार्बिट्युरेटकडे वळलेले नाहीत. किंमत हेच कारण असते तर ते केव्हाच वळले असते. शिवाय ही औषधे मागे सारण्यासाठी ब्रिटनमध्ये १९७५ साली जी मोहीम निघाली, ती वैद्यकीय व्यवसायातील लोकांनीच चालवली होती आणि तिचे आवाहन औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच होते. त्याआधी १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानेही प्रमुख बार्बिट्युरेटना नियंत्रित औषधांच्या यादीत घातले होते.

खरे कारण मेंदूत आहे. मेंदूतील पेशींना शांत करणारे गाबा नावाचे एक रसायन असते. ते पेशीवरील आपल्या ग्राहीला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जागेला, चिकटले की पेशीच्या आवरणातील एक दार उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी मंदावते. बेंझोडायझेपिनमुळे हे दार अधिक वेळा उघडते, पण त्यासाठी गाबा तेथे असावाच लागतो. त्यामुळे त्या औषधाच्या परिणामाला शरीराच्या स्वतःच्या गाबाची एक मर्यादा पडते. बार्बिट्युरेट दार उघडे राहण्याचा काळ वाढवते, आणि मात्रा वाढत गेली की गाबा नसतानाही दार स्वतःच उघडते. त्याच वेळी पेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटच्या काही ग्राहींनाही ते दाबते. थोडक्यात, परिणामाला वरचे छप्परच उरत नाही. गुंगी, झोप, भूल, बेशुद्धी आणि श्वास थांबणे या एकाच उतारावरच्या पायऱ्या ठरतात. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास वाढवते. बार्बिट्युरेटच्या अंमलाखाली हा इशाराच त्याला नीट कळेनासा होतो. बेंझोडायझेपिन निर्धोक आहेत असा याचा अर्थ नाही. दारू किंवा अफूजन्य औषधांसोबत घेतल्यास त्याही जीव घेऊ शकतात, आणि त्यांचे व्यसनही लागते. फरक एवढाच की एकट्या घेतल्या तर त्या श्वास थांबवण्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

सवयीच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवे, कारण सर्वांत घातक चूक तेथे आहे. शरीराला बार्बिट्युरेटची सवय होते हे खरे. पण सगळ्या परिणामांची सवय सारख्या प्रमाणात होत नाही. काही आठवड्यांत गुंगी आणणारा परिणाम बोथट होतो, पूर्वीच्या गोळीने झोप लागेनाशी होते, म्हणून माणूस मात्रा वाढवतो. श्वसनकेंद्राला मात्र तेवढी सवय होत नाही. परिणामी झोप येण्यासाठी लागणारी मात्रा वर सरकत जाते आणि श्वास दाबणारी मात्रा जवळपास जागच्या जागी राहते. दोघींमधले अंतर, जे मुळातच कमी होते, ते रोज थोडे थोडे घटते, आणि घेणाऱ्याला त्याची कसलीही जाणीव होत नाही. उलट 'मला आता हे चांगले सोसते' असे त्याला वाटत असते. अमेरिकन अभिनेत्री जूडी गार्लंड २२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये वारली, ती सेकोबार्बिटल या बार्बिट्युरेटमुळे. तिने ते अनेक वर्षे घेतले होते. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो अपघाती ठरवला: आत्महत्येचा हेतू दिसत नव्हता, औषध घेण्यात बेसावधपणा झाला होता. दीर्घकाळची सवय तिला वाचवू शकली नाही.

फिनोबार्बिटोनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: ते शरीरातून फार सावकाश जाते. प्रौढ माणसाच्या शरीरातील मात्रा निम्मी होण्यास साधारणपणे दोन ते पाच दिवस लागतात. चार दिवस धरून हिशेब करून पाहू. रोज रात्री ६० मिलिग्रॅमची एकच गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दुसऱ्या रात्रीपर्यंत पहिल्या गोळीतील सुमारे ५० मिलिग्रॅम शिल्लक असतात. म्हणजे दुसरी गोळी पोटात गेली की एकूण ११० होतात. तिसऱ्या रात्री हाच आकडा १५० च्या पुढे जातो, सातव्या गोळीनंतर सुमारे २६५ होतो आणि तीन आठवड्यांनी ३६५ च्या आसपास जाऊन स्थिरावतो. घेतली रोज एकच, पण अंगात सहा गोळ्यांचे औषध! अपस्मारासाठी हा गुण उपयोगी आहे, कारण रक्तातील पातळी दिवसभर समान राहते. झोपेच्या औषधात हाच दोष ठरतो. रात्रीसाठी घेतलेले औषध दुसऱ्या दिवशी दुपारीही अंमल गाजवत असते, वाहन चालवताना प्रतिक्रिया मंदावतात, वृद्ध माणसे तोल जाऊन पडतात. ज्याने तिसऱ्या दिवशी 'काही फरक पडत नाही' म्हणून दुसरी गोळी सुरू केली, त्याला पहिल्या गोळीचाच पूर्ण परिणाम अजून दिसलेला नसतो.

अपस्माराच्या उपचारात रक्तातील पातळी साधारण १५ ते ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. त्याच्या वर गेले की बोलणे अडखळते, चाल डगमगते, बुबुळे थरथरतात, माणूस पेंगुळतो. म्हणजे उपयोगी पातळी जेथे संपते तेथूनच विषाची लक्षणे सुरू होतात, मध्ये मोकळी जागा नाही. ही सीमा माणसागणिक बदलते. यकृत अशक्त असेल, वय जास्त असेल, किंवा सोबत व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे दुसरे औषध चालू असेल तर औषध आणखी सावकाश बाहेर पडते. व्हॅल्प्रोएट त्याचे विघटनच मंदावते. दारू किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध सोबत असेल तर नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते. उलट दिशेने, फिनोबार्बिटोन औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांचे काम वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉरफेरिन यांचा परिणाम घटतो. झोपेसाठी मनाने गोळी घेणाऱ्याच्या हे ध्यानातही येणार नाही.

तान्ह्या बाळांचा दाखला थोडक्यात निकालात निघतो. नवजात बाळाला झटके येत असतील तर फिनोबार्बिटोन आजही पहिल्या पसंतीचे औषध आहे. पण ते वजनावर मात्रा काढून, बहुधा शिरेतून, श्वास आणि रक्तातील ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवून आणि कृत्रिम श्वासाची सोय हाताशी ठेवून दिले जाते. तेथे जी सुरक्षितता आहे ती त्या व्यवस्थेची आहे. घरी, एकट्याने, रात्रीच्या अंधारात घेतलेल्या गोळीला ती लागू नाही.

उताऱ्याविषयीचे विधान सरळसरळ चुकीचे आहे. बेंझोडायझेपिनचा परिणाम उलटवणारे फ्लुमाझेनिल नावाचे औषध आहे, पण ते बार्बिट्युरेटवर चालत नाही, आणि बार्बिट्युरेटवर चालेल असे दुसरेही कोणते औषध नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर अशा रुग्णांना पिक्रोटॉक्सिनसारखी उत्तेजके टोचून जागे करण्याचा प्रयत्न करीत. त्यातून झटके येत आणि रुग्ण अधिकच खालावत. कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयात १९४० च्या दशकाच्या अखेरीस कार्ल क्लेमेसेन आणि एरिक निल्सन यांनी ही उत्तेजके बंद केली आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे, ऑक्सिजन देणे, रक्तदाब सांभाळणे आणि वाट पाहणे यावर भर दिला. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आले. आजचा उपचारही त्याच वाटेने जातो: गरज पडल्यास व्हेंटिलेटर, पोटातून पुन्हा पुन्हा सक्रिय कोळसा, आणि गंभीर रुग्णांत डायलिसिस. यांत उतारा कोठेच नाही. शरीर औषध बाहेर टाकेपर्यंत माणसाचा श्वास दुसऱ्याने चालवायचा असतो, आणि फिनोबार्बिटोनच्या बाबतीत ते काम काही दिवस चालू शकते. रुग्ण वेळेत पोहोचला तरच या सगळ्याचा उपयोग, आणि झोपेत श्वास मंदावलेल्या माणसाकडे घरच्यांचे लक्ष सकाळपर्यंत जात नाही.

मुळात हे औषध चांगली झोपही देत नाही. ते स्वप्नांची झोप दाबते, आणि थांबवल्यावर ती उसळून आल्याने रात्री अस्वस्थ जातात. माणसाला वाटते, गोळीशिवाय आपल्याला झोपच नाही. फिनोबार्बिटोनचे खरे मोल १९१२ मध्येच आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण जर्मन डॉक्टरच्या लक्षात आले होते. वॉर्डातील अपस्माराच्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून त्याने ते दिले आणि त्यांचे झटकेच कमी झाले. शंभर वर्षांनंतरही ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, ते झटक्यांसाठीच. जुनाट निद्रानाशासाठी आज पहिला उपचार म्हणून झोपेच्या सवयी आणि विचार यांवर काम करणारी वर्तनचिकित्सा सुचवली जाते.

हे वाचून अपस्मारासाठी फिनोबार्बिटोन घेणाऱ्या कोणीही गोळी एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास सलग झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. झोपेसाठी बरेच दिवस घेत असलेल्यांनाही हेच लागू आहे. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यांच्या हिशेबाने कमी करावी लागते. जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येत असतील तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, आणि घरात असे कोणी असेल तर गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात असाव्यात. गोळ्या जास्त गेल्याची नुसती शंका आली, माणूस पेंगुळलेला दिसला किंवा हाक मारून नीट जागा होत नसला, तर १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे, उलटी करवू नये, तोंडात काही घालू नये, आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे कोणते औषध गेले हे डॉक्टरांना शोधत बसावे लागत नाही.