38 सेकंदांचा मी

"टेल मी अबाउट युवरसेल्फ," सर म्हणाले आणि मी बार्शीपासून पुण्यापर्यंत एसटीत घोकत आणलेलं सगळं एका दमात बाहेर टाकलं. माय सेल्फ अमुक अमुक, आय बिलाँग टू मिडल क्लास फॅमिली, फादर फार्मर, मदर हाऊसवाइफ, हॉबीज क्रिकेट अँड लिसनिंग म्युझिक, स्ट्रेंथ हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल. हे पंक्च्युअल मी 25 मिनिटं उशिरा पोचून म्हणत होतो. मग शांतता. सरांनी बायोडाटाचं पान उलटून मागे बघितलं, मागे कोरं होतं, मी पण जरा वाकून बघितलं.

त्या नोकरीचं काय झालं ते सांगायला नको.

माझी मावसबहीण एका कंपनीत एचआरला आहे, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेणं हेच तिचं काम. तिने मला किचनमध्ये उभं केलं, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि म्हणाली बोल. 38 सेकंद भरले. "बी.कॉम. झालास, 21 वर्षांचा झालास, आणि एवढाच आहेस होय रे तू? आणि आई गृहिणी आहे हे कशाला सांगितलंस, अकाउंट्स असिस्टंट तुला घेणारेत का मावशीला?"

मग मी जिद्दीने बालवाडीपासून सुरू केलं. 4 मिनिटं 20 सेकंद. मी सातवीत पोचेपर्यंत ताई कणिक मळून मोकळी झाली होती.

तिचं म्हणणं असं की माणूस आरामात मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द बोलतो, म्हणजे 2 मिनिटांत फार तर अडीचशे, त्यात अख्खं आयुष्य बसत नाही आणि बसवायचंही नाही. मार्क समोर छापलेलेच असतात. समोरचा फक्त पुढचा प्रश्न कुठे धरायचा ते शोधत असतो. म्हणून पहिल्या 20 सेकंदांत नाव, शिक्षण, गाव, मग मिनिटभराहून जास्त वेळ स्वतः केलेलं एकच काम नीट सांगायचं आणि शेवटी त्या कामाचा या नोकरीशी काय संबंध ते. पाठ करायचं नाही, चिठ्ठीवर पाच शब्द फक्त, कारण पाठ केलेल्यातला एक शब्द सुटला की पुढची सगळी गाडी थांबते (माझी स्वारगेटच्या अलीकडेच दोनदा थांबली होती).

"पण ताई मी काही केलेलंच नाही ना."

"गणपतीत दहा दिवस गायब असतोस ते?"

तर ते असं. मंडळाची वर्गणी मी लिहून घेतो. तीन पावती पुस्तकं, प्रत्येकी 100 पावत्या, सगळ्याची एक्सेल शीट. गेल्या वर्षी शीटपेक्षा रोख 450 रुपयांनी कमी भरली आणि सगळे खजिनदाराकडे बघायला लागले, बिचारा वडापाव खात होता, तो त्याने खाली ठेवला. मला कॉलेजात ऐकलेलं आठवलं की फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता धरायची. 450 ला 9 ने भाग जातो. आता याने चूक सापडतेच असं नाही, अख्खी पावतीच 450 ची राहिली असती तरी भाग गेलाच असता, पण कुठून शोधायचं ते तरी कळतं. 300 पावत्या शीटशी ताडत बसलो आणि रात्री दीडला सापडली, पावतीवर 1051 आणि शीटमध्ये 1501.

ताईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "हे तू त्या माणसाला सांगितलं नाहीस आणि क्रिकेट सांगितलंस?"

आठवडाभर रेकॉर्ड करून करून ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकणं ही वेगळीच शिक्षा आहे, 2 मिनिटांत 14 वेळा 'बेसिकली', तेही बेसिकली कशाचंच नसताना. 'हार्डवर्किंग' आपोआप गळालं, रात्री दीड वाजता पावत्या ताडल्या म्हटल्यावर वेगळं सांगायला काही उरलंच नाही. शेवटचं वाक्य ताईने मुद्दाम घालायला लावलं, "आकडे जुळत नाहीत तोवर मला झोप येत नाही, म्हणून हे काम हवंय." म्हणजे पुढचा प्रश्न तिथूनच येईल, आणि त्याचं उत्तर मला येतं.

दुसरा इंटरव्ह्यू, दुसरी कंपनी, अर्धा तास आधी पोचलो. मॅडम होत्या. मी बोललो, 1 मिनिट 50 च्या आसपास झालं असेल. त्यांनी बायोडाटा उलटला नाही, पेन खाली ठेवलं आणि खरंच विचारलं, 9 चंच का? मी कागदावर 51 आणि 15 लिहून वजाबाकी करून दाखवली, 36, मग 73 आणि 37, परत 36. दोन शेजारचे आकडे उलटे झाले की फरक 9 च्याच पटीत येतो. मॅडमनी स्वतः 82 आणि 28 घेऊन बघितलं, 54 आले, मान हलवली. मी मनात ताईला साष्टांग नमस्कार घातला.

"छान," मॅडम म्हणाल्या, "आणि शीटमध्ये ते 1501 टाकलं कोणी होतं?"

हे मात्र आम्ही त्या 2 मिनिटांत बसवलं नव्हतं.

"मीच, मॅडम."