सातव्या घरातली मांदी आणि मोडलेली सोयरीक

"ज्या मुलीच्या पत्रिकेत सातव्या घरात मांदी म्हणजेच गुलिक बसलेला आहे तिचा नवरा तीन वर्षांत जातो. मांदी हा शनीचा मुलगा आहे, याला उपाय नाही, अशी सोयरीक करू नका. सर्वांना पाठवा."

हा मेसेज मागच्या महिन्यात आमच्या गावच्या तीन ग्रुपवर फिरला आणि त्याच्या भरवशावर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली एक ठरलेली सोयरीक मोडायला आली. पोट्टीची माय पत्रिका घेऊन माझ्याकडं आली होती, रडत होती बिचारी. म्हणून लिहितो, थोडं लांब होईल, पण पूर्ण वाचा.

पहिलं म्हणजे "मांदी म्हणजेच गुलिक" हे. काही जण दोन्ही एकच मानतात हे खरं, पण गणित वेगळं आहे अन् त्यामुळं घर बदलते. दोघांनाही शरीर नाही, आकाशात दाखवता येत नाही, ते काळाचे बिंदू आहेत. गुलिक असा काढतात की सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ सारखे भाग करायचे, पहिला भाग त्या वाराच्या ग्रहाचा, पुढचे वारांच्या क्रमानं, आठवा कोणाचाच नाही. त्यात शनीचा भाग सुरू होताना पूर्वेला जे लग्न, म्हणजे जी रास, उगवते तो गुलिक (काही जण भागाचा शेवट धरतात). मांदीला मात्र ठरलेल्या घटी आहेत, रविवारी 26, सोमवारी 22, मग 18, 14, 10, 6 आणि शनिवारी 2, दिवस तीस घटीचा धरून, दिवस लहानमोठा असला तर त्याच प्रमाणात कमीजास्त करायच्या. मंत्रेश्वरांच्या फलदीपिकेत हे "चरं रुद्रदास्यं घटं..." अशा अक्षरांत बांधून दिलं आहे, च म्हणजे 6, र म्हणजे 2, उलट वाचलं की 26. रात्रीच्या जन्माला सूर्यास्तापासून मोजायचं आणि घटी वेगळ्या, रविवारी रात्री 10, मग 6, 2, 26, 22, 18, 14. हा रात्रीचा आकडाच लोक विसरतात, पुढं तेच दाखवतो.

आता सातव्या घराचं. मेसेज वाचून असं वाटते की दर बारा पोट्ट्यांमागं एकीला हे असणार. तसं नाही हो! दिवसाचा जन्म असेल तं जन्माचं लग्न पण त्या दिवसातलं आणि मांदीचं लग्न पण त्याच दिवसातलं, आणि सूर्योदय ते सूर्यास्त लग्न फिरून फिरून साधारण सहा राशी फिरते. मंग मांदी बरोबर समोर, सातव्यात पडायची असेल तं एक दिवसाच्या एका टोकाला अन् दुसरं दुसऱ्या टोकाला पाहिजे. राशीनं घरं मोजली तर मंगळवार, बुधवार, गुरुवारी दिवसा जन्मलेल्याच्या सातव्यात मांदी येतच नाही, कारण त्या दिवशी ती मधेच कुठंतरी असते. येऊ शकते ती शनिवारी सूर्यास्ताच्या थोडी आधी जन्म असेल तर, रविवारी सूर्य उगवल्या उगवल्या, आणि रात्रीच्या हिशोबानं मंगळवारी रात्री उजाडायच्या आधी किंवा बुधवारी दिवे लागल्याबरोबर. तेही दरवेळी नाही. म्हणून पत्रिकेत सातव्यात मांदी दिसली की मी पहिले वार आणि जन्मवेळ पाहतो, या चार जागांत बसत नसेल तं गणितच चुकलेलं असते.

आता त्या पोट्टीचीच पत्रिका. जन्म सप्टेंबरच्या शेवटचा बुधवार, रात्री 10 वाजता, यवतमाळकडचाच. वृषभ लग्न. पत्रिकेत सातव्या घरात, वृश्चिकेत मांदी लिहिलेली. बुधवार बरोबर, पण दहा वाजता म्हणजे दिवे लागून चार तास झालेले, तिथंच मला खटकलं. हिशोब करून पाहिला. त्या दिवशी सूर्य 6:08 ला उगवला आणि संध्याकाळी 6:08 लाच मावळला, म्हणजे दिवस अन् रात्र बारा बारा तासांची, घटी 24 मिनिटांची. पत्रिका बनवणाऱ्यानं बुधवारच्या दिवसाच्या 14 घटी घेतल्या, म्हणजे 5 तास 36 मिनिटं, सूर्योदयात मिळवल्या की सकाळचे 11:44 आणि त्यावेळचं लग्न वृश्चिक. पण जन्म रात्रीचा आहे! बुधवारी रात्री 26 घटी, म्हणजे 10 तास 24 मिनिटं, सूर्यास्तापासून मोजल्या की पहाटेचे 4:32, आणि त्यावेळचं लग्न सिंह. वृषभेपासून सिंह चौथी. मांदी सातव्यात नाहीच, चौथ्यात आहे. एवढ्यासाठी सोयरीक मोडत होती.

आणि गुलिक? रात्री पहिला भाग वाराच्या ग्रहापासून पाचव्याचा असतो, म्हणून बुधवारी रात्री शनीचा भाग सातवा, म्हणजे सूर्यास्तानंतर 9 तासांनी, पहाटे 3:08. त्यावेळचं लग्न कर्क अन् सिंह यांच्या अगदी वेशीवर येते. सूर्यास्त बिंबाचा मध्य धरून घेतला की वरची कड धरून, एवढ्या दोनतीन मिनिटांच्या फरकानं तो तिसऱ्यात जातो किंवा चौथ्यात. आणि तिसऱ्यातला गुलिक पाराशरीत चांगला सांगितला आहे, देखणा, गावाचा प्रमुख, सज्जनांना आवडणारा. म्हणजे एकाच पोट्टीला एक घर मागं सरकलं तर असं फळ आणि पुढं सरकलं तर वेगळं, मंग ज्यात सूर्योदय सूर्यास्त कोणता धरला हे लिहिलेलंच नाही त्या पत्रिकेवर तुम्ही कोणाच्या मरणाचं भाकीत काऊन करता?

समजा खरंच सातव्यात आहे, तरी नवऱ्याच्या मरणाचं फळ कुठून आलं? बृहत्पाराशर होराशास्त्रात सातव्यातल्या गुलिकाचं फळ असं आहे की बायकोच्या ताब्यात राहणारा, वाईट वागणारा, बाहेरख्याली, अंगानं बारीक, मैत्री न टिकणारा, बायकोच्या पैशावर जगणारा. चांगलं नाहीच, मी चांगलं म्हणत नाही. पण त्यात तीन वर्ष नाहीत अन् मरण पण नाही.

वाचायची पद्धत पण एका घरावर थांबत नाही. गुलिक ज्या राशीत आहे तिच्या स्वामीकडं पाहावं लागते, तो केंद्रात किंवा त्रिकोणात, स्वतःच्या किंवा उच्च राशीत असेल तं फळ उलटून चांगलं होते असं ग्रंथांतच आहे. या पोट्टीची मांदी सिंहेत, स्वामी सूर्य, आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य कन्येत, म्हणजे वृषभेला पाचवा, त्रिकोणात. कन्या सूर्याची स्वतःची रास नाही, म्हणून राजयोग मी म्हणणार नाही, पण स्वामी वाईट जागी नाही एवढं खरं. चौथं घर मायचं, घराचं, सुखाचं, तर मी मायला एवढंच सांगितलं की चौथ्यातल्या मांदीचं फळ घरच्या सुखाला थोडं कमीपणाचं असते, माहेरच्या जागेचा काही वाद असेल तं लग्नाआधी मिटवून घ्या. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, वाद तं आहेच, दिराशी, धुऱ्यावरून."

सोयरे मंडळींना कागदावर हा हिशोब लिहून दिला, 14 कुठून आले अन् 26 काऊन पाहिजे ते. त्यांच्या गावच्या गुरुजींनी परत मोजलं, त्यांना पण सिंहच आली.