बलाची सरासरी आणि सरासरीवरचं बल

प्रतिक्रिया: "लेखाच्या सुरुवातीला म्हणता की क्वांटम कणाची सरासरी स्थिती न्यूटनच्या नियमाने चालते, आणि शेवटी म्हणता 'नेहमी नाही'. प्रमेय सिद्ध झालेलं आहे ना? मग 'नेहमी नाही' कसं? मुलांचा गोंधळ होतो."

नमस्कार. तुमचा आक्षेप रास्त आहे. पहिलं वाक्य मी ढिलं लिहिलं होतं, ते आता बदललं आहे.

एरेनफेस्टचं 1927 चं प्रमेय कधीच खोटं ठरत नाही. पण ते म्हणतं एवढंच की सरासरी संवेगाच्या बदलाचा दर म्हणजे बलाची सरासरी, ⟨F(x)⟩. न्यूटनच्या समीकरणाला हवं असतं सरासरी जागेवरचं बल, F(⟨x⟩). लेखात मी ही दोन एकच समजून पुढे गेलो.

परवा धरमपेठेत बी.एस्सी.च्या मुलांना शिकवताना फळ्यावर हेच मांडलं. विभव x⁴/4, म्हणजे बल −x³. तरंगफलनाचे दोन अरुंद उंचवटे घ्या, x = 1 आणि x = 3 वर, दोन्हीकडे संभाव्यता निम्मी. सरासरी जागा 2, तिथलं बल −8. आता बलाची सरासरी काढा: 1 आणि 27 यांची सरासरी 14, म्हणजे −14. कूलरच्या घरघरीतही मागच्या बाकावरची मुलगी "सर, जवळपास दुप्पट!" म्हणालेली मला ऐकू आली. मग उंचवटे 1.9 आणि 2.1 वर आणले. उत्तर आलं −8.06. फरक पसाऱ्याच्या वर्गाबरोबर घटतो. पसारा दहापट कमी झाला की चूक शंभरपट कमी.

म्हणजे साम्य टिकायचं तर पसाऱ्याच्या टप्प्यात बलाचा आलेख जवळजवळ सरळ रेषा हवा. आणि पसारा एका जागी थांबत नाही. मोकळ्या इलेक्ट्रॉनचा 1 नॅनोमीटर रुंदीचा गाउसीय पुंज सुमारे 30 फेमटोसेकंदांत दुप्पट रुंद होतो. एक मायक्रोग्रॅमच्या कणाचा, 1 मायक्रोमीटर रुंदीचा पुंज तेवढा पसरायला साधारण दहा लाख वर्षं घेतो. धुळीच्या कणाला न्यूटन पुरतो तो यामुळे.

बल स्थिर असेल किंवा स्प्रिंगसारखं −kx असेल तर मात्र पसारा कितीही असो, दोन्ही बलं तंतोतंत एकच येतात. पण इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवा. स्प्रिंगच्या पहिल्या उत्तेजित अवस्थेत सरासरी स्थिती कायम शून्य आणि सरासरी संवेगही शून्य असतो. न्यूटनचं समीकरण एका टक्क्याचीही चूक न होता पाळलं जातं, जणू गोळी तळाशी शांत बसली आहे. आणि त्या अवस्थेचं तरंगफलन नेमकं x = 0 वरच शून्य असतं. सरासरी जिथे बसली आहे, त्या बिंदूवर कण सापडण्याची संभाव्यता-घनता शून्य आहे.