हीरची कहाणी सुफळ संपूर्ण का झाली नाही

आजी श्रावणात कहाणी वाचायची आणि शेवटी म्हणायची, "ही साठां उत्तराची कहाणी पाचां उत्तरी सुफळ संपूर्ण." एवढं ऐकलं की हातातले तांदूळ वाहायचे आणि उठायचं. कहाणी संपली, आपण मोकळे.

हीर-रांझ्याच्या गोष्टीत असं उठता येत नाही. पण तिलाही एकेकाळी सुफळ शेवट होता, हे कळलं तेव्हापासून मी त्याच विचारात आहे.

पंजाबीत ही कथा लिहिणाऱ्या सुरुवातीच्या कवींपैकी एक दामोदर. अकबराच्या काळातला, झंगला राहिलेला. "हे मी डोळ्यांनी पाहिलं" असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. त्याच्याकडे हीर आणि रांझा शेवटी एकमेकांना मिळतात आणि मक्केच्या वाटेला लागतात. मग 1766 मध्ये वारिस शाहनं आपली हीर लिहून पूर्ण केली. तिच्यात दोघंही मरतात. आज पंजाबात, सीमेच्या दोन्ही बाजूंना, लोक गातात ती हीर वारिस शाहची. दामोदर मुख्यतः अभ्यासकांपुरता उरला.

दुःख गोड असतं म्हणून असं झालं, हे मला पटत नाही. वारिस शाहनं नेमकं काय केलं ते बघा.

तख्त हजाऱ्याचा धीदो रांझा घरातला धाकटा. बाप गेल्यावर भावांनी काजीला लाच देऊन चांगली जमीन स्वतःकडे ठेवली आणि नापीक तुकडा याच्या गळ्यात मारला. तो घर सोडून चिनाब ओलांडतो आणि झंगला हीरच्या बापाच्या म्हशी राखतो. प्रेम जमतं. हीरचा लंगडा चुलता काइदो चुगली करतो. हीरचं लग्न रंगपूरच्या खेडा कुळातल्या सैदाशी लावून देतात. लग्नाच्या वेळी ती काजीशी तोंडावर वाद घालते, की माझा निकाह रांझ्याशी आधीच झालाय, माझी संमती नसताना तुम्ही दुसरा लावता कसा? काजी तरीही लावतो. इकडे रांझा गोरखपंथी जोगी होतो, कान फाडून मुद्रा घालतो. (आपल्याकडे निवृत्तिनाथांची गुरुपरंपरा याच गोरक्षनाथांपर्यंत जाते, त्यामुळे हा कानफाट्या जोगी आपल्याला परका नाही.) जोग्याच्या वेशात रंगपुरात शिरून हीरच्या नणंदेच्या, सहतीच्या मदतीनं तो तिला पळवतो. दोघं पकडले जातात, प्रकरण राजाकडे जातं आणि अखेर राजा हीर रांझ्याच्या हाती देतो.

म्हणजे ते जिंकलेत! कहाणी इथं सुफळ झाली असती. वारिस शाह इथं थांबत नाही. हीरचे घरचे दोघांना प्रेमानं परत आणतात, रांझ्याला चांगले कपडे घालतात आणि सांगतात, जा, गावाहून वऱ्हाड घेऊन ये, रीतसर लग्न लावून देतो. तो जातो. मागे हीरला विष देतात.

मला वाटतं, सगळं इथं आहे. दामोदरसारख्या शेवटात काजीची लाच, काइदोची चुगली, जबरीचा निकाह, सगळं माफ होऊन जातं. मिळाले ना एकदाचे, मग जुनं कशाला उगाळायचं? वारिस शाहच्या शेवटात काहीच माफ होत नाही. राजाचा निकालसुद्धा घराच्या उंबऱ्याआत चालला नाही, हे ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही. ज्या घरात मुलीला असं गोड बोलून परत आणलेलं कुणी पाहिलंय, तिथं ही गोष्ट जुनी होणार नाही.

म्हणूनच फाळणीत लाहोर सोडावं लागलेल्या कवयित्री अमृता प्रीतमनं हाक मारली ती वारिस शाहला. पंजाबची एक लेक रडली तर तू एवढं लिहिलंस, आज लाखो लेकी रडताहेत, कबरीतून बोल. सुखी जोडप्याच्या कवीला अशी हाक कोण मारणार?

सावित्रीचं काय, असं कुणी विचारेल. सत्यवान परत आला आणि ती कथा घराघरात आहे. खरंय. पण तिला दरवर्षी ज्येष्ठी पौर्णिमेचा आणि वडाला गुंडाळलेल्या दोऱ्याचा आधार आहे. नल-दमयंतीला तसं व्रत नाही. त्यांचाही शेवट गोड आहे, पण आठवतं काय? झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून निघून गेलेला नल. पुढचं पुनर्मीलन मला तरी आठवून आठवून सांगावं लागतं.

हीरला कुठलं व्रत लागलं नाही. झंगला दोघांची म्हणून एकच कबर दाखवतात, माई हीरची, आणि तिच्यावर छप्पर नाही. मला मात्र त्या कबरीपेक्षा तख्त हजारा जास्त दिसतो. तिथं रांझा वऱ्हाडाच्या तयारीत आहे, आणि झंगहून कागद येतो.