व्हिप पॅनचा सांधा कुठे दिसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

«दादा, "व्हिप पॅन आणि मास्क सगळीकडे शोभत नाहीत" हे तुमचं म्हणणं पटलं नाही. मी सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या रीलमध्ये अक्षता सोहळा आणि होम व्हिप पॅननं जोडले, पुढे नंदीध्वजाच्या काठीवर मास्क करून तिच्यामागून पुढचा शॉट उघडला. जोडावर जरा झटका बसतो आणि काठीमागे पांढरी रेघ दिसते, पण तो मोबाइलचा दोष. तयार ट्रान्झिशन प्रीसेट टाकला की तेही झाकलं जातं. मग जमत नाही म्हणून "शोभत नाही" म्हणायचं का?»

नमस्कार. मोबाइलचा दोष थोडा आहेच, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

तुमची रील उभी, म्हणजे रुंदी १०८० पिक्सेल. मोबाइलच्या मुख्य लेन्सला उभ्या फ्रेममध्ये आडवं साधारण ४० अंश दिसतं. तुम्ही सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ८ फ्रेममध्ये कॅमेरा झटक्यात ९० अंश फिरवलात, तर चित्र दर फ्रेमला ३०० पिक्सेलच्या आसपास सरकतं. शटर १/५० असेल तर ते फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं राहतं आणि प्रत्येक वस्तूची १५० पिक्सेलची पुसट रेघ उमटते. याच रेघांमध्ये कट लपतो. पण सोलापूरच्या दुपारच्या उन्हात मोबाइल ऑटोवर ठेवला, तर तो शटर सहज १/३२०० ला नेतो. तेव्हा रेघ उरते दोन-अडीच पिक्सेलची. म्हणजे पॅनमधली प्रत्येक फ्रेम स्वच्छ, खणखणीत फोटो आणि ते फोटो ३०० पिक्सेलच्या उड्या मारतात. कट लपायला जागाच नाही. तपासायचं असेल तर पॅनच्या मधल्या फ्रेमवर थांबा: लोकांचे चेहरे ओळखू येत असतील तर तो व्हिप पॅन झालाच नाही.

उपाय शूटच्या वेळीच करायचा. मॅन्युअल मोडमध्ये शटर १/५० वर बांधा आणि लेन्सवर एनडी ६४ फिल्टर लावा. १/३२०० पासून १/५० म्हणजे सहा स्टॉप, आणि हा फिल्टर तेवढाच प्रकाश अडवतो. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्सही लॉक करा. शिवाय स्टॅबिलायझेशन बंद करा. ते हात हलू नये म्हणून असतं; तुम्ही मुद्दाम झटका देता तेव्हा आधी चित्र धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. ती अडखळ एडिटमध्ये निघत नाही.

आता कटची जागा. पॅन आधी वेग घेतो, मध्ये सर्वात जोरात असतो, शेवटी मंदावतो. पहिल्या शॉटचा पॅन पूर्ण संपू देऊन दुसऱ्याचा सुरुवातीपासून घेतला, तर मधोमध वेग शून्यावर येतो आणि पुन्हा चढतो. तुम्ही म्हणता तो झटका बहुधा हाच. पहिला शॉट सर्वात जास्त पुसट फ्रेमवर तोडा, दुसरा त्याच्या सर्वात पुसट फ्रेमपासून सुरू करा. मग दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून रेघांची लांबी बघा. दिशा एकच हवी आणि लांबी जवळपास सारखी. फरक पंधरा-वीस टक्क्यांचा असेल तर दुसऱ्या क्लिपचा वेग तेवढा वाढवून भागतं. त्याहून जास्त वाढवला तर उडी वाढते पण रेघ तेवढीच राहते, आणि ते डोळ्याला खुपतं. म्हणून यात्रेसारख्या ठिकाणी प्रत्येक शॉटच्या शेवटी डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोन्ही पॅन घेऊन ठेवावेत.

एवढं सगळं नीट केलंत तरी अक्षता आणि होम यांचा सांधा मी व्हिपनं घालणार नाही. एक कारण उजेडाचं आहे. संमती कट्ट्याजवळचा सोहळा भर दुपारचा, होम अंधार पडल्यावरचा. पुसट फ्रेममध्ये आकार नाहीसे होतात, उरतो फक्त रंग आणि उजेड. तोच पांढऱ्यावरून काळ्यावर गेला की वेग कितीही जुळवा, कट भपकन दिसतो. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. कॅमेरा न थांबता वळला की बघणारा धरून चालतो की पलीकडचं याच घटकेला, इथेच घडतंय. व्हिपचा अर्थच तो आहे. तैलाभिषेक, अक्षता आणि होम हे यात्रेचे वेगवेगळ्या दिवसांचे विधी. मधली रात्र गिळून दोन दिवस एका झटक्यात जोडलेत, तर सोलापूरकर लगेच ओळखेल आणि बाहेरचा चुकीचं समजेल.

याच सोहळ्यात व्हिपला हक्काची जागाही आहे. संमतीवाचन चालू आहे, कॅमेरा नंदीध्वजांवर आहे, आणि अक्षता पडायच्या क्षणी तो वळून गर्दीच्या वर गेलेल्या हातांवर येतो. वेळ एक, उजेड एक, आणि वळायला कारणही आहे. तिथे खुशाल वापरा. फक्त हातांचा शॉट किमान दीड सेकंद धरा. इतक्या वेगानंतर नजर स्थिर व्हायला तेवढा अवधी लागतो. लागोपाठ तीन व्हिप लावलेल्या रीलमध्ये काय पाहिलं ते कुणालाच सांगता येत नाही.

काठीच्या मागची रेघ मात्र मोबाइलची नाही. ते पहिल्या शॉटचं आभाळ आहे. काठी १८ फ्रेममध्ये फ्रेम ओलांडत असेल तर ती दर फ्रेमला ६० पिक्सेल सरकते आणि १/५० शटरला तिची कड ३० पिक्सेलभर पुसट होते. त्या पुसट पट्ट्यात मागचं आभाळ मिसळलेलं असतं. मास्क काठीच्या कडेवरच काढलात म्हणून ते सोबत आलं. पहिला शॉट वरच्या ट्रॅकवर ठेवा, मास्कची रेघ काठीच्या आत १५ पिक्सेल सरकवा, Mask Feather ३० च्या आसपास ठेवून डोळ्यानं जुळवा आणि Mask Path ला प्रत्येक फ्रेमवर की-फ्रेम द्या. एक सोडून एक दिली तर डुलणारी काठी मधल्या फ्रेममध्ये मास्कबाहेर जाते.

तरीही काठी या कामाला वाईटच. ती बारीक आहे, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळी आभाळं एकाच वेळी दिसतात. वर हार आणि बाशिंग, त्यांच्या झालरीचा मास्क काढता काढता रात्र जाईल. त्यापेक्षा पांढरी बाराबंदी घातलेला माणूस लेन्सपुढून हात-दीड हातावरून जाऊ द्या. एक-दोन फ्रेम पूर्ण पांढऱ्या झाल्या की तिथेच साधा कट घ्या, आणि दुसरा शॉट तशाच पांढऱ्या फ्रेमपासून, त्याच दिशेनं सुरू करा. मास्क लागतच नाही. एक्स्पोजर लॉक नसेल तर मात्र पांढरं समोर येताच मोबाइल चित्र काळवंडवतो. यासाठी काठी तोलणाऱ्यांच्या वाटेत जाऊ नका. कडेनं चालणारा कुणीही चालतो.

प्रीसेट स्थिर चित्र ताणून त्यावर ब्लर टाकतो. शॉटमध्ये मिरवणूक डावीकडे चाललेली असते आणि प्रीसेट चित्र उजवीकडे ओढतो. झटका झाकला जातो हे खरं, पण चाल मोडते.

तुमच्या रीलसाठी: अक्षतांचा शेवटचा शॉट पूर्ण होऊ द्या, होमाच्या जाळाचा आवाज त्याखाली १०-१२ फ्रेम आधी सुरू करा आणि सरळ कट मारा. मधे सात-आठ फ्रेम काळं ठेवलंत तरी चालेल.