आलेखाचा चढ म्हणजे यंगचा गुणांक नव्हे

प्रॅक्टिकलच्या दिवसांत तार ताणण्याच्या प्रयोगाबद्दल फिरणारा शॉर्टकट असा: "भार आणि वाढीच्या आलेखाचा चढ हाच यंगचा गुणांक. आलेख काढायला वेळ नसेल तर शेवटच्या रीडिंगचा भार भागिले वाढ करा, उत्तर तेच येतं. लांबी मात्र मिलिमीटरपर्यंत अचूक मोजा, जाडी एकदा बघितली की पुरे."

पहिल्या वाक्याला एकक विचारा. भार न्यूटनमध्ये, वाढ मीटरमध्ये, म्हणजे चढ न्यूटन प्रति मीटर. यंगचा गुणांक मात्र पास्कलमध्ये, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटर. चढ सांगतो तो त्या एका तारेचा ताठपणा. त्याच पोलादाची दुप्पट व्यासाची तार घेतलीत तर चढ चौपट होईल. दुप्पट लांबीची घेतलीत तर निम्मा. पोलाद तेच राहिलं, मग गुणांक कसा बदलेल? म्हणून भाराला छेदाच्या क्षेत्रफळाने भागून प्रतिबल काढायचं, वाढीला मूळ लांबीने भागून विकृती काढायची आणि मग त्यांचं गुणोत्तर घ्यायचं. आलेखावरून थेट जायचं तर Y = चढ × L / A. त्याआधी अक्ष बघा. भार आपण ठरवतो म्हणून बरेच जण तो आडव्या अक्षावर घेतात. तसं असेल तर चढ उलटा करून घ्यावा लागतो. उत्तर पोलादाच्या जवळपाससुद्धा आलं नाही, तर मी आधी हेच तपासतो.

शेवटच्या रीडिंगचं एक उदाहरण करून पाहू. सर्लच्या उपकरणात पोलादाची तार, लांबी 2.5 मीटर, व्यास 0.60 मिमी, क्षेत्रफळ 2.83 × 10⁻⁷ चौ.मी. हँगर आणि त्यावरचं सुरुवातीचं वजन मिळून 1 किलो आधीच टांगलेलं आहे, आणि शून्य तिथून धरलं आहे. पुढे एकेक किलो चढवत गेलो तर समजा वाढ अशी मिळाली: 0.58, 1.01, 1.44, 1.87, 2.30 मिमी. पहिला टप्पा 0.58चा आणि नंतरचे सगळे 0.43चे. तारेत राहिलेला बारीक पीळ सरळ होण्यात पहिल्या किलोचा थोडा भाग गेला. ते ताणणं नव्हेच.

आता 5 किलोचे 49 न्यूटन भागिले 2.30 मिमी करून गुणांक काढला तर 1.88 × 10¹¹ पास्कल येतो. शून्याचा बिंदू बाजूला ठेवून उरलेल्या पाचांतून रेषा काढली, तर 4 किलोंना 1.72 मिमी, आणि गुणांक 2.02 × 10¹¹. पोलादाचा गुणांक साधारण 2 × 10¹¹ असतो. रेषा मूळबिंदूतून गेली नाही म्हणून तिला ओढून शून्यातून नेऊ नका. चढ हवा आहे आणि तो फरकांतून मिळतो. "5 किलो चढवल्यावर तारेतलं प्रतिबल किती?" असं विचारलं, तर मात्र टांगलेला 1 किलोही धरायचा: 58.8 न्यूटन, म्हणजे सुमारे 2.1 × 10⁸ पास्कल. तार हँगरचं वजन विसरत नाही.

जाडीबद्दलचा सल्ला तर नेमका उलटा आहे. अडीच मीटरमध्ये एक मिलिमीटर चुकलं तर 0.04 टक्के चूक. 0.60 मिमीच्या व्यासात स्क्रू गेजचं एक घर, म्हणजे 0.01 मिमी, चुकलं तर 1.7 टक्के; आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग असल्याने गुणांकात 3.3 टक्के. स्क्रू गेजची +0.03 मिमी शून्य त्रुटी वजा करायची राहिली तर व्यास 0.63 दिसतो आणि 2.02 चा 1.83 होतो. आलेखावर याचा मागमूसही नसतो, बिंदू सुतासारखे सरळ रेषेत बसलेले असतात. म्हणून व्यास तारेच्या तीन-चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांना मोजायचा, कारण तार पूर्ण गोल असेलच असं नाही. लांबीही वरच्या पकडीपासून खालच्या पकडीपर्यंतचीच, हातातल्या अख्ख्या तुकड्याची नव्हे.

शॉर्टकटमध्ये न आलेली एक गोष्ट: वजनं उतरवतानाची रीडिंग. सर्लच्या उपकरणात शेजारी टांगलेली दुसरी तार आधार वाकणं आणि तापमान यांचा परिणाम वजा करते, पण मोजायची तार पकडीतून सरकली तर ते तिला कळत नाही. उतरवताना रेषा आधीच्या रेषेला समांतर पण बाजूला सरकलेली आली, तर एक तर तार सरकली, नाही तर स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडून कायमची लांबली. तेवढाच भार पुन्हा चढवून बघा. कायमची लांबलेली तार आता त्या नव्या रेषेवरूनच वर जाईल. पकड ढिली असेल तर पुन्हा मध्येच कुठे तरी वाढ एकदम उडी घेईल. पकड घट्ट करून रीडिंग पहिल्यापासून घ्या.