साहेबांना अपडेट पाठवताना शेवटून सुरुवात करा

इथे वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत काम करणारे बरेच जण लिस्टमधे आहेत म्हणून लिहितोय. साइटवरून येणारा वीकली अपडेट छोटा केला की मॅनेजमेंटची समरी तयार होते असं सगळ्यांना वाटतं, आणि मला ते अजिबात पटत नाही.

आमच्याकडे ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं काम चालू आहे. साइट इंजिनिअरचा मेल दीड पान होता. सोमवारी पावसामुळे लेबर आलं नाही, मंगळवारी फाउंडेशन बोल्ट जुळेनात म्हणून ड्रॉइंग परत पाठवलं, केबल आली, इलेक्ट्रिकल ८० टक्के झालं, ब्लोअरवाल्याला अॅडव्हान्स हवाय फाइल अकाउंट्समधे आहे, सिव्हिलवाला बिल मागतोय... माणूस प्रामाणिक आहे, जसं घडलं तसं ओळीने लिहिलंय. पण डायरेक्टरने हे वाचलं तर त्याच्या डोक्यात ८० टक्के राहणार आणि तो म्हणणार छान चाललंय!

खरी गोष्ट त्या ब्लोअरच्या अर्ध्या ओळीत होती. प्रत्येक ओळीला मी एकच प्रश्न विचारतो, याने शेवटची तारीख हलते का? बोल्ट, केबल, लेबर, कशानेच हलत नव्हती, तेवढी सवड होती. ब्लोअरने हलत होती, कारण अॅडव्हान्स दिल्यापासून सहा आठवड्यांनी तो येणार आणि पुढे दोन आठवडे फिटिंग आणि ट्रायल. इंजिनिअरला फोन केला तेव्हा कळलं की दुसऱ्या व्हेंडरकडे तयार माल आहे, तीन आठवड्यांत देतो पण दीड लाख जास्त. हे मेलमधे नव्हतंच!

मग वर गेलं ते एवढंच:

"ईटीपी, स्टेटस पिवळा. ठरलेली तारीख १५ ऑक्टोबर, ब्लोअरमुळे धोक्यात. ५ सप्टेंबरपर्यंत निर्णय हवा: सध्याचा व्हेंडर, ३१ ऑक्टोबरला चालू, किंवा दुसरा व्हेंडर, दीड लाख जास्त (मुदत तोंडी), १० ऑक्टोबरला चालू. आमची शिफारस दुसरा. बाकी कामं वेळेत."

रंग हिरवा दिला असता तर कोणी उघडूनही बघितलं नसतं, आणि लाल दिला असता तर उगाच मीटिंग लागली असती, कारण तारीख अजून वाचवता येत होती. टक्के मी मुद्दाम काढले, कारण इलेक्ट्रिकल ८० काय ९५ झालं तरी ब्लोअरशिवाय प्लांट चालू होत नाही.

तो "तोंडी" शब्द इंजिनिअरने टाकायला लावला. पाठवायच्या आधी मी त्याला वाचून दाखवतोच, कारण लांबलचक मेलमधलं "व्हेंडर म्हणतोय" आपण छोटं करताना गळून पडतं आणि नुसता अंदाज वर पक्की तारीख म्हणून पोचतो. व्हेंडर फक्त फोनवर बोलला होता, लिहून काही दिलं नव्हतं. डायरेक्टरचं पहिलं उत्तर त्याच शब्दावर आलं, आधी मुदत लेखी घ्या मग ऑर्डर काढा.